नळी मिटवताना मूत्रपिंडावर नजर

गर्भात फुप्फुसे श्वास घेत नसतात, म्हणून हृदयातून फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त डक्टस नावाच्या छोट्या नळीतून थेट महाधमनीत जाते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते, पण अकाली जन्मलेल्या बाळात प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाच्या प्रभावामुळे ती अनेकदा उघडीच राहते. आयबुप्रोफेन हे औषध प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराला रोखून तेच कमी करते, आणि नळी मिटायला मदत होते. मात्र मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या रुंद ठेवण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिनच करत असते.

उदाहरणादाखल, सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेले, ९०० ग्रॅम वजनाचे, कृत्रिम श्वासावर असलेले चार दिवसांचे बाळ घेऊ. इकोमध्ये नळी रुंद आहे आणि हृदयाचा डावा कप्पा ताणलेला आहे. दर किलोला पहिल्या दिवशी १० मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ५-५ मिलिग्रॅम, या प्रचलित हिशेबाने त्याला ९, ४.५ आणि ४.५ मिलिग्रॅम आयबुप्रोफेन चोवीस तासांच्या अंतराने ठरते. उघडी नळी स्वतःही मूत्रपिंडाचे रक्त पळवते, त्यामुळे औषधाआधीची लघवी नोंदवलेली नसेल तर नंतरच्या घटीचा दोष कोणाला द्यायचा, हे कळत नाही.

परिचारिका लंगोट वजन करून लघवी मोजतात. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ओला लंगोट उशिरा तोलला तर पाणी उडून जाते आणि आकडा फसवतो. या बाळाची लघवी आधी ताशी दोन मिलिलिटर होती. दुसऱ्या मात्रेनंतर सहा तासांत जेमतेम तीन मिलिलिटर झाली, म्हणजे दर किलोला ताशी सुमारे ०.५५. मूत्रपिंड बाहेर टाकते त्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाचे रक्तातले प्रमाण दर डेसिलिटरला ०.९ वरून १.३ मिलिग्रॅमवर गेले. पहिल्या दिवसांचे क्रिएटिनिन बरेचसे आईचे असते, म्हणून एका आकड्यापेक्षा त्याचा चढ पाहावा लागतो, आणि अठ्ठेचाळीस तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ ही मूत्रपिंड दुखावल्याची खूण मानतात. तिसरी मात्रा थांबवली जाते आणि जेंटामायसिनसारखे मूत्रपिंडावर भार टाकणारे औषध चालू असेल तर त्याचाही फेरविचार होतो.

नळी अजून उघडी असल्याने पॅरासिटामॉल निवडले जाते. ते त्याच विकराच्या वेगळ्या भागावर काम करते आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास कमी होताना दिसला आहे. दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १३.५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी तीन दिवस दिले जाते. आता यकृताच्या तपासण्याही जोडल्या जातात.

प्रत्येक उघड्या नळीला औषध लागतेच असे नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील बेबी-ऑस्कर चाचणीत, मोठी नळी दिसताच पहिल्या ७२ तासांत आयबुप्रोफेन दिल्याने मृत्यू किंवा फुप्फुसाच्या दीर्घ आजाराचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. म्हणूनच श्वासाचा आधार सुटत चाललेल्या बाळात वाट पाहणे हाही उपचाराचाच निर्णय ठरतो.