मुकादमीण गेली त्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार. आज एक गोष्ट सांगतो. माणसांची नावं मी ठेवलेली आहेत, कारखानाही अमुक एक असा नाही. पण वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी काजूच्या कारखान्यात जातं, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

या कारखान्यात परब नावाचे सुपरवायझर होते. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, बायकांशी कधी वाकडा शब्द नाही, पगार वेळेत निघेल हे बघायचे. कटिंगच्या टेबलांवर वीस-पंचवीस बायका आणि त्यांच्यावर मुकादम म्हणून शेवंतीकाकी. काकींनी उभा जन्म काजू फोडण्यात घालवलेला. काजूच्या टरफलातलं तेल फार दाहक. हाताला गोडंतेल किंवा राख न लावता बसलं तर कातडी सोलून निघते. काकींच्या बोटांची टोकं कायमची काळपट झालेली होती.

बी फोडण्याआधी तिला कुकरमध्ये वाफ देतात. वाफेनं टरफल ओलं आणि मऊ होतं. मग बी पातळ पसरून ठेवायची, साधारण रात्रभर. ती गार होता होता टरफल सुकून कडक होतं आणि आतला गर टरफलापासून किंचित सुटतो. आता पात्याखाली घातली की टरफल दोन भाग होऊन उघडतं आणि गर अख्खा बाहेर येतो. घाई केली तर टरफल फुटण्याऐवजी दबतं, पातं गरात जातं, अख्ख्याऐवजी पाकळी नाहीतर तुकडा हाती येतो, वर तेलाचा डागही पडतो. बाजारात अख्ख्याचा भाव आणि तुकड्याचा भाव यांत किती फरक असतो ते दुकानात उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

उन्हाळ्यात रात्र पुरते. आषाढात हवाच इतकी दमट, की सकाळीही रास आतून ओली असते. काकी चार बिया उचलायच्या, कानाशी हलवायच्या. गर सुटल्याचा आवाज आला नाही, की परबांकडे जायच्या. "सायबानू, आज ही रास फोडूक नको. अजून ओली आसा."

परबांचं उत्तर ठरलेलं. "काकी, वरून ऑर्डर आहे. बघू." नाहीतर, "पावसाळ्यात सगळीकडे असंच असतं." काकींची दुसरी तक्रार बीच्या आकाराची होती. वेंगुर्ला ७ या जातीची बी मोठी, गावठी बी बारीक. दोन्ही एकाच राशीत आल्या तर एकीला बसवलेलं पातं दुसरीच्या गरात घुसतं. चाळून वेगळ्या करा, असं काकी सांगायच्या. मजुरी गराच्या वजनावर आणि तुकडा जास्त निघाला की कपात. त्यामुळे परबांच्या कानाला हे सगळं मजुरीचं गाऱ्हाणं वाटायचं. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं.

मग काकी बोलायच्या थांबल्या. श्रावणापासून एक शब्द नाही. यायच्या, टेबलं लावायच्या, संध्याकाळी वजन लिहून द्यायच्या. परबांना बरं वाटलं. मालकांना म्हणालेही, "कटिंगला आता काही कटकट नाही." माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात मोठी चूक हीच. रोज बोलणारं माणूस एकदम गप्प झालं, तर त्यानं मनातून हिशेब मिटवलेला असतो.

गणपतीनंतर पगाराच्या दिवशी काकींनी चार ओळींचा अर्ज दिला. घरगुती कारणास्तव काम सोडते आहे. परबांनी कारण विचारलं नाही, सही केली, आणि सगळ्यांसमोर नारळ देऊन निरोप दिला.

पुढच्या दहा-पंधरा दिवसांत तुकडा वाढला. शंभर किलो बीमागे साधारण पंचवीस किलो गर निघायचा, त्यातला वीस किलो अख्खा असायचा. तो सोळावर आला. परबांनी आधी नव्या मुलींना दोष दिला, मग पाती बदलली. फरक नाही. बी तीच, कुकर तोच, बायका बहुतेक त्याच. टेबलावर विचारलं तर सगळ्या खाली मान घालून, "काय नाय सायब." शेवटी परब काकींच्या घरी गेले.

काकी पडवीत सुपारी सोलत होत्या. चहा आला. परबांनी परत या म्हटलं, पगारात थोडं वाढवू म्हटलं. काकी हसल्या. मग परबांनी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, "तुम्ही असताना तुकडा का होत नव्हता?"

काकी अर्धा तास आधी यायच्या. ओली रास बाजूला सारून आदल्या दिवशीची उरलेली, सुकलेली बी पहिल्या टेबलांना द्यायच्या, म्हणजे ओलीला दुपारपर्यंत वेळ मिळायचा. मोठी बी हातानं निवडून दोन जुन्या बायकांकडे द्यायच्या, त्यांचा हात पात्यावर हलका म्हणून. हे कुठल्या वहीत नव्हतं. या अर्ध्या तासाची मजुरीही कुणी दिली नव्हती.

"मग हे मला कधी सांगितलं का नाही?" परब म्हणाले.

"सांगान काय उपेग? तुम्ही आयकूक नाय."

परब गप्प बसले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच उत्तर न देता बसले असावेत. मग काकी आपणहून बोलत गेल्या. कुठल्या कुकरची वाफ एका बाजूला कमी लागते, कुठल्या मुलीचं पातं बोथट आहे पण ती भीतीनं बदलून मागत नाही. परबांनी खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि निघताना ते वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. एक ठिकाणी चुकलं होतं, काकींनी दुरुस्त केलं. परत यायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. गावातच एकीनं घरगुती युनिट काढलं होतं, तिथे त्यांनी शब्द दिला होता.

उंबऱ्यापाशी काकी म्हणाल्या, "ड्रायरवरच्या त्या पोरीक बघा. गेलो म्हयनोभर तिना तोंड उघडूक नाय. तिका इचारा."

कारखान्यात परबांनी दोन गोष्टी लगेच केल्या. वाफ दिलेल्या राशीवर तारीख-वेळेची पाटी लागली, आणि फोडायच्या आधी दहा बिया फोडून बघायच्या. दहातल्या दोनपेक्षा जास्त बियांचा गर तुटला तर रास थांबवायची. ती थांबवायचा अधिकार टेबलावरच्या बाईला, ऑफिसला विचारायचं नाही. बी चाळायला एक गडी लावला. अख्खा गर हळूहळू वर आला, पण वीसवर पोचायला दिवाळी उजाडली.

ड्रायरवरची मुलगी सोपी गेली नाही. पहिल्या दिवशी "काय नाय सायब," दुसऱ्या दिवशीही तेच. परब रोज सकाळी तिच्याजवळ उभे राहायचे, ट्रे उचलू लागायचे, आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहायचे. याची त्यांना सवय नव्हती, फार जड जायचं. आठवड्यानं ती म्हणाली की खालच्या ट्रेमधला गर करपतो आणि वरचा ओला राहतो, गरावरची पातळ साल नीट सुटत नाही. करपलेला गर ती गुपचूप तळाला घालत होती, बोलणी बसतील म्हणून.

परबांनी तिच्यासमोरच ट्रे काढून बघितले. त्याच दिवसापासून तासाला ट्रे वरचे खाली, खालचे वर करायचं ठरलं. पंख्याच्या दुरुस्तीचा अर्ज परबांनी मालकांकडे पाठवला, आणि काय उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी तिला येऊन सांगितलं. उत्तर "पुढच्या महिन्यात" असं होतं. तेही त्यांनी तसंच सांगितलं.

नमस्कार.