नमुन्याबरहुकूम: चिनी मातीची भांडी आणि समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक

[दृश्य: निळ्या-पांढऱ्या सुरईचं पोट, अगदी जवळून]

ही सुरई चीनमध्ये घडली, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पोटावर निळ्या रंगात एक ढाल काढलेली आहे. ढालीच्या आत छोट्या ढाली आहेत आणि त्यांत ठिपके आहेत. हे पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह. रेषा स्वच्छ आहेत, हात सराईत आहे. फक्त चिन्ह उलटं आहे, डोकं खाली आणि पाय वर.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि त्यानंतर काही वर्षांतच ते चीनच्या किनाऱ्याला लागले. युरोपीय गिऱ्हाइकासाठी मुद्दाम घडवलेली पहिली चिनी भांडी याच काळातली. चितारणाऱ्याला ती ढाल म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यासमोर एक नमुना आला. तो कोणत्या बाजूने धरायचा, हे नमुन्यावर लिहिलेलं नव्हतं.

पुढची अडीचशे वर्षं हा व्यापार या नमुन्याभोवतीच फिरत राहिला. नमुना नेमका असला तर माल नेमका उतरायचा. नमुन्यात काही राहून गेलं तर ते भांड्यावरही राहून जायचं.

[दृश्य: लाकडी ताट, चाकावरची ओली माती]

आधी आकाराचं पाहू, कारण चित्राच्याही आधी अडचण आली ती आकाराची.

चिनी जेवणाला वाडगे लागतात, खोलगट बशा लागतात. युरोपच्या टेबलावर सपाट प्लेट हवी आणि तिला रुंद, आडवा काठ हवा. मीठ, मोहरी काठावर घ्यायची, जेवण मधल्या भागात. शिवाय मीठदाणी, मोहरीचं भांडं, बिअरचा मग, हात धुवायची सुरई आणि तिच्याखालचं तस्त. यातल्या बऱ्याच वस्तू चिनी कुंभाराने कधी पाहिलेल्या नव्हत्या. म्हणून 1635 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या तैवानमधल्या ठाण्यावरून चिनी व्यापाऱ्यांना लाकडी नमुने देण्यात आले. खरादावर फिरवून केलेली लाकडी भांडी, त्यांच्यावर चिनी चित्रं रंगवलेली. आकार युरोपचा आणि नक्षी चीनची, अशी ती मागणी होती.

हे नमुने निघाले जिंगदेजेनला. जिआंगशी प्रांतातलं हे गाव म्हणजे भट्ट्यांचं शहरच. इथलं मिश्रण दोन वस्तूंचं असतं. एक म्हणजे काओलिन, ही पांढरी माती भांड्याला उभं ठेवते. दुसरा कुटून धुतलेला पांढरा दगड. तो भट्टीत वितळतो आणि भांड्याला काचेसारखं घट्ट करतो. भट्टी 1300 अंशांच्या आसपास जाते.

नमुना जसाच्या तसा मोजून भांडं केलं की पहिला घोटाळा होतो. ही माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण सातवा हिस्सा आक्रसते. गिऱ्हाइकाला 23 सेंटिमीटरची प्लेट द्यायची तर ओली प्लेट 27 सेंटिमीटरची हवी. कुंभार हे जाणूनच होता. तो नमुन्यापेक्षा मोठा साचा घ्यायचा.

दुसरा घोटाळा काठाचा. भट्टी ऐन तापात असताना भांडं आतून मऊ पडलेलं असतं. वाडग्याचं पोट कमानीसारखं आपलं वजन आपणच पेलतं. प्लेटचा आडवा काठ मात्र छज्जासारखा बाहेर आलेला, त्याच्याखाली आधार काहीच नाही. तो खाली झुकतो, बहुतेक वेळा सगळीकडे सारखा नाही. मग प्लेटला लाट येते. प्लेट सपाट फरशीवर पालथी घालून बोटाने दाबा. डुगडुगली, तर समजावं की काठ बसला आहे. यावर उपाय म्हणजे काठाला किंचित वरचा उतार द्यायचा, कडेकडे जाडी कमी करत न्यायची, आणि सगळ्या प्लेटा एकाच उंचवट्याच्या साच्यावर दाबून एकसारख्या करायच्या. जुनी चिनी प्लेट हातात घेतली तर काठाचा तो हलका उतार अंगठ्याला जाणवतो.

[दृश्य: कपाला कान चिकटवणारे हात]

कपाच्या कानाचंही तसंच. चिनी चहाच्या पेल्याला कान नसतो. कान वेगळा करून, कप अर्धवट वाळलेला असताना, पातळ मातीने चिकटवायचा. दोघांचा ओलावा सारखा असावा लागतो. कप जास्त वाळला असेल आणि कान ओला असेल, तर कान अधिक आक्रसतो आणि जोडावर केसाएवढी भेग पडते. कच्च्या भांड्यात ती दिसतही नाही, भट्टीतून निघाल्यावर दिसते. शिवाय मऊ पडलेल्या कपाला कान एका बाजूने ओढतो आणि गोल तोंड लांबट होतं. यात कष्ट वाढायचे आणि नासही वाढायचा. पुन्हा बिनकानाचे पेले एकात एक बसतात, कानाचे बसत नाहीत. म्हणून युरोपातही चहा बराच काळ बिनकानाच्या पेल्यांतून प्यायला गेला.

हा नास कुणाच्या अंगावर पडायचा? दांत्रकोल नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री जिंगदेजेनमध्ये राहिले होते. 1712 च्या पत्रात ते लिहितात की युरोपच्या व्यापाऱ्यांना निर्दोष मालच हवा असतो. बिघडलेली नगं कारागिराकडेच पडून राहतात, कारण ती चिनी आवडीची नसल्यामुळे गावात खपत नाहीत. वाडगा जरा वाकडा निघाला तर स्वस्तात कुणीतरी घेतो. वाकडी मोहरीदाणी कोण घेणार? परक्या आकाराची किंमत जास्त का पडायची, याचं माझ्या मते सगळ्यात खरं कारण हेच आहे.

[दृश्य: निळा रंग भरणारा कुंचला, मग झिलईवरचा लाल-सोनेरी रंग]

आता रंगाकडे येऊ. भांड्यावर काचेसारखा चकचकीत थर असतो, ती झिलई. इथे सगळा भेद एका प्रश्नावर आहे: रंग झिलईच्या खाली आहे की वर?

निळा रंग कोबाल्टचा. तो कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर लावतात, त्यावर झिलई चढवतात आणि दोन्ही एकदमच भाजतात. कोरडी माती रंग लगेच पिऊन घेते, त्यामुळे रेघ चुकली तर पुसता येत नाही. पण एकदा भाजला की हा रंग काचेखाली बंद होतो. लाल, गुलाबी, हिरवा, सोनेरी हे रंग एवढी आच सोसत नाहीत. ते भाजून तयार झालेल्या भांड्यावर, झिलईच्या वर लावतात आणि छोट्या भट्टीत 700 ते 850 अंशांना पुन्हा भाजतात. भांडं उजेडात तिरकं धरलं की हे रंग पृष्ठभागावर किंचित उठलेले दिसतात. बोटालाही लागतात, आणि वापराने झिजतात.

हा फरक समुद्रानेच दाखवून दिला. 'गेल्डरमाल्सन' हे डच जहाज जानेवारी 1752 मध्ये चीनच्या कँटन बंदरातून परतताना खडकावर आपटून बुडालं. पोटात मुख्यतः चहा होता, आणि चहाच्या खाली भांड्यांच्या पेट्या, दोन लाखांवर नगं. तळाशी ओल असते. ती चहाला चालत नाही, भांड्यांना चालते, आणि भांड्यांच्या वजनाने जहाजही स्थिर राहतं. 1985 मध्ये हा माल वर काढला. दोनशेतेहतीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही निळी नक्षी जशीच्या तशी होती. झिलईवरचे रंग बऱ्याच भांड्यांवरून फिके पडले होते, काहींवरून जवळजवळ गेलेच होते.

झिलईवरच्या रंगाला दुसरी भट्टी लागते. ती लहान असते आणि कुठेही बांधता येते. अठराव्या शतकात व्यापाऱ्यांनी नेमका याचाच फायदा घेतला. जिंगदेजेनहून कोरी पांढरी भांडी, किंवा नुसता निळा काठ असलेली भांडी, नदीने आणि डोंगरखिंडीतून कँटनला यायची. चित्र कँटनमध्ये भरलं जायचं, बंदरात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. 1769 मध्ये विल्यम हिकी या इंग्रज प्रवाशाने तिथला एक कारखाना पाहिला. लांबलचक दालनात शंभरावर माणसं रंगवत होती. त्यांत म्हातारे होते, आणि सहा-सात वर्षांची मुलंही.

[दृश्य: कागदावरचं रंगीत कुलचिन्ह, शेजारी तेच चिन्ह असलेली प्लेट]

या दालनांतलं सगळ्यात महागडं काम म्हणजे घराण्याचं कुलचिन्ह. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचे लीक ओकओव्हर यांनी 1740 च्या सुमारास असा संच मागवला. त्यांनी प्लेटच्या आकाराचं पूर्ण रंगीत चित्र काढून पाठवलं आणि नमुना परत पाठवावा असंही त्यावर लिहिलं. ते चित्र आजही टिकून आहे. प्लेट शेजारी ठेवली तर रंग आणि वेल-पानं चित्राप्रमाणेच उतरलेली दिसतात. एकेक प्लेट साधारण एक पौंडाला पडली, त्या काळी ही मोठीच रक्कम.

ज्यांना रंगीत चित्राचा खर्च नको असे ते काळ्या शाईचं रेखाचित्र पाठवायचे आणि रंगाच्या जागी रंगाचं नाव लिहायचे: इथे लाल, इथे निळा. चितारी ती लिपी वाचत नव्हता. काही संचांवर ढालीच्या मधोमध रंगाऐवजी ते शब्दच सुबक अक्षरांत रंगवलेले आहेत. याला चितारीची चूक म्हणणं मला पटत नाही. कागदावर जे होतं, ते त्याने उतरवलं. आणि चूक उमगेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची. मोसमी वाऱ्यांवर चालणारी जहाजं वर्षाच्या उत्तरार्धात कँटनला पोचायची आणि डिसेंबर-जानेवारीत परत निघायची. मागणी जाऊन माल हाती येईतो दीड-दोन वर्षं सहज जायची.

[दृश्य: कर्णा फुंकणारी पंखांची स्त्री, प्लेटच्या मधोमध]

शेवटचा नमुना 1784 चा आहे. 'एम्प्रेस ऑफ चायना' हे चीनला गेलेलं पहिलं अमेरिकन जहाज. त्यावरचे व्यापारी अधिकारी सॅम्युएल शॉ हे स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या 'सिनसिनाटी' संघटनेचे सदस्य होते. त्यांना संघटनेचं चित्र भांड्यांवर हवं होतं: रोमन योद्धा सिनसिनाटस, त्याच्या पाठीशी मिनर्व्हा देवी, आणि समोर त्याची कीर्ती जगाला सांगणारी कीर्तिदेवी. असं एक चित्र त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून त्यांनी दोन देवतांची दोन छापील चित्रं, एका सैनिकाची आकृती आणि संघटनेच्या गरुडपदकाचा नमुना असं सगळं वेगवेगळं दिलं आणि हे एकत्र बसव म्हणून सांगितलं.

चितारी कँटनमधला नावाजलेला होता. शॉ लिहितात की त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, पण आकृत्या एकत्र नीट बसल्या नाहीत. एकेकटी आकृती मात्र तो हुबेहूब उतरवत होता. तिघांनी कुणाकडे पाहायचं, कोण पुढे, कोण मागे, हे त्या कथा माहीत असलेल्यालाच ठरवता येतं. नमुन्यांमध्ये ते कुठेच नव्हतं.

पुढे या चिन्हाचा 302 नगांचा संच 1786 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी घेतला. त्यातल्या प्लेटचा काठ झिलईखालच्या निळ्याचा आहे, तो जिंगदेजेनहून भाजूनच आलेला. मधल्या पांढऱ्या जागेत, कँटनमध्ये भरलेल्या रंगांत, एकटी कीर्तिदेवी कर्णा फुंकते आहे. हातात निळ्या फितीला लटकलेला गरुड आहे. योद्धा नाही, मिनर्व्हाही नाही.