उताऱ्यातली विशेषणं खोडून बघा

(मुंबईतील इतिहास शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शिक्षक मित्रहो, तथ्य, मत आणि पूर्वग्रह यांतला फरक ओळखायला शिकवण्यासाठी मी नववीच्या वर्गाकरता मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगवर तीन वाक्यांचा एक उतारा लिहिला आहे. त्या काळच्या साहेबी अहवालात शोभेल अशी भाषा मुद्दाम वापरली आहे. ऐका.

‘सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण आढळले. गलिच्छ चाळींमुळे हा रोग शहरभर पसरला. ऑक्टोबरात अडाणी गिरणी कामगारांनी विनाकारण आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.’

यातलं पहिलं वाक्य पडताळता येतं. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत रुग्ण ओळखल्याची नोंद आहे. म्हणून ते तथ्य.

तिसऱ्या वाक्यात मुलांना पेन्सिलीने ‘अडाणी’ आणि ‘विनाकारण’ खोडायला सांगा. उरतं ते ‘कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला’. हे घडलं होतं, आणि तेही इतर साधनांतून तपासता येतं. आता खोडलेल्या शब्दांकडे वळा. ‘विनाकारण’ हे ठरवलं कोणी? घरच्या माणसाला रुग्णालयात उचलून नेतात आणि तो परत येत नाही, ही भीती लोकांच्या मनात होती. लिहिणाऱ्याने ती विचारातच घेतली नाही. हा पूर्वग्रह. इथे मुलं हमखास म्हणतात, ‘मग हा उतारा खोटा, टाकून द्या.’ तसं करू देऊ नका. हल्ल्याबद्दल हे शब्द काहीच सांगत नाहीत, पण अधिकारी गिरणगावाकडे कोणत्या नजरेने बघत होते याचा याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

सगळ्यात अवघड आहे मधलं वाक्य. ‘गलिच्छ’ खोडलं तरी ‘चाळींमुळे रोग पसरला’ हे उरतंच, आणि ते अगदी तथ्यासारखं दिसतं. पण ते त्या काळातलं मत आहे. घाण आणि दूषित हवा यांनी प्लेग पसरतो असं तेव्हा अनेक डॉक्टर प्रामाणिकपणे मानत. उंदरांवरच्या पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडला, आणि तोही लगेच मान्य झाला नाही. चुकीचं मत आणि पूर्वग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथेच नीट समजतं. मात्र गोदामं, बंदर, उंदीर सोडून बोट फक्त चाळींवरच का ठेवलं, हा प्रश्न राहतोच, आणि तिथे मत नि पूर्वग्रह एकमेकांत मिसळतात. मूल म्हणालं, ‘सर, हे दोन्ही आहे,’ तर त्याला पूर्ण गुण द्या.

पेन्सिलीची ही युक्ती एका ठिकाणी थिटी पडते. जे लिहिलंच नाही ते खोडता येत नाही. या उताऱ्यात एकही कामगार स्वतः बोलत नाही. म्हणून शेवटी मुलांना विचारा: हल्ला करणाऱ्यांपैकी एकाने हेच तिसरं वाक्य कसं लिहिलं असतं? त्यांनी लिहिलेलं वाक्यही त्याच पेन्सिलीने तपासायला लावा. तिथेही खोडण्यासारखे शब्द सापडतील.