हिरव्या डब्याचं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

मी सांगलीतल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्या वर्गात दाराजवळ कचऱ्याचे दोन डबे आहेत, ओल्या कचऱ्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. या डब्यांवर मी मुलांसाठी एक गाणं लिहिलं. हिरवा डबा बोलतोय, मला भूक लागली आहे, पण मला काय भरवायचं ते नीट विचारून भरवा, असं म्हणतोय, एवढीच कल्पना. गाणं लिहायला एक संध्याकाळ लागली आणि ते दुरुस्त करायला जवळजवळ एक वर्ष. आज त्या दुरुस्त्यांबद्दल सांगणार आहे.

चाल सोपी ठेवली होती. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार आणि चार. पहिल्या अक्षरावर एक टाळी, पाचव्यावर दुसरी. दुसरीतलं मूल बोटांवर अक्षरं मोजू शकतं, आणि एखादी ओळ अडखळली तर आधी त्यालाच कळतं. पहिल्या खर्ड्यात ओळी अशा होत्या:

ओलं ओलं मला द्यावं
सुकं त्याच्या पोटी जावं

'त्याच्या' म्हणजे शेजारच्या निळ्या डब्याच्या. टाळ्या बरोबर बसल्या, दोन दिवसांत वर्गाला पाठ झालं. तिसऱ्या दिवशी मी निळा डबा उघडून पाहिला. आत कांद्याच्या साली, अंड्याची टरफलं, झाडाखालची वाळकी पानं आणि रसाच्या गाड्यावरून कोणीतरी उचलून आणलेलं उसाचं चिपाड. हिरव्या डब्यात पाण्याची बाटली होती, कारण तिच्यात घोटभर पाणी उरलं होतं.

चिपाड कोणी टाकलं, असं विचारल्यावर एक मुलगी उभी राहिली. "बाई, ते वाळलंय की! हात लावून बघा." तिने खरोखर हात लावून पाहिला होता, आणि गाण्यात सांगितलं होतं तेच केलं होतं. चूक गाण्याची होती.

घंटागाडीच्या कर्ण्यावरून आपण रोज 'ओला कचरा, सुका कचरा' ऐकतो. मोठ्या माणसांना त्या शब्दांमागचं ठाऊक असतं, म्हणून आपल्याला ते खटकत नाहीत. मूल मात्र शब्दाचा जो अर्थ आहे तोच घेतं. ओला म्हणजे हाताला ओला लागणारा. पण ओला कचरा म्हणजे कुजणारा कचरा. कांद्याची साल कितीही कोरडी कुरकुरीत असली तरी ती कुजते, आणि बाटली भिजून निथळत असली तरी ती कुजत नाही. म्हणून ती दोन्ही वाक्यं काढून टाकली आणि डब्याच्या तोंडी हे घातलं:

कुजतं जे ते मी खातो
मातीला मी देत जातो

कोरडी ही कांदासाल
माझ्यासाठी तोच माल

'कुजतं' हा शब्द लहान मुलांच्या गाण्यात नको, कानाला बरा वाटत नाही, असं एका सहकारी बाईंचं म्हणणं होतं. मला तो हवाच होता. डबा खातो, म्हणजे त्याच्या पोटात गेलेलं पचलं पाहिजे, आणि डब्याचं पचणं म्हणजे कुजणं. खाण्याची कल्पना घ्यायची आणि पचनाचा शब्द टाळायचा, तर मग डबा नुसता तोंड उघडून बसलेला बाहुला होतो.

दुसरी दुरुस्ती पिशवीच्या ओळीची. आधी मी लिहिलं होतं:

पिशवी मी खात नाही
चावायला दात नाही

मुलांना ही ओळ फार आवडली. दात नसलेल्या आजोबांसारखं तोंड करून म्हणायची. एक दिवस एक मुलगा म्हणाला, "बाई, दात असते तर खाल्ली असती का मग?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर आम्हाला शाळेच्या पिंपात मिळालं. शाळेच्या मागे आम्ही खताचं एक पिंप ठेवलं आहे, बाजूंना आणि तळाला भोकं पाडलेलं. तळाशी वीतभर वाळका पाला, त्यावर पोषण आहाराच्या स्वयंपाकातले भाजीचे देठ, साली, उरलेली खिचडी, आणि प्रत्येक बादलीमागे वरून दीड-दोन बादल्या वाळका पाला. आठवड्यातून एकदा खुरप्याने खालीवर करायचं. ओल किती आहे ते मुठीत धरून बघायचं. मूठभर घेऊन आवळलं तर हाताला ओल लागावी, एखाद-दुसरा थेंब आला तर चालेल, पण पाण्याची धार लागता कामा नये. धार लागली तर पाला वाढवायचा.

पावसाळ्यात एकदा पिंपातून घाण वास यायला लागला, नासक्या अंड्यासारखा. पालाही घालून पाहिला, वास जाईना. शेवटी मी चौथीच्या चार मुलांना घेऊन सगळं मेणकापडावर उपसलं. मध्यावर एक दुधाची पिशवी आडवी पसरलेली सापडली. तिच्या खालचा थर काळा, बुळबुळीत, घट्ट बसलेला. पिशवीमुळे वरचं पाणी खाली निथळत नव्हतं, हवाही खेळत नव्हती, आणि हवा नसली की कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. वास तिथूनच येत होता. पिशवीपासून हातभर बाजूला तोच भाजीपाला, तेवढ्याच दिवसांचा, तपकिरी, भुसभुशीत आणि हाताला चक्क कोमट लागत होता. मुलांनी दोन्ही ठिकाणी हात घालून पाहिला.

आणि दातांचं उत्तर? आणखी एक पिशवी त्याच पिंपात होती, ती आमच्या खुरप्याने कापली गेली होती. खुरपं म्हणजे पिंपाचे दातच की. त्या पिशवीचे तुकडे खतभर पसरले होते, नखाएवढे, त्याहून बारीक. अख्खी पिशवी एका झटक्यात बाहेर काढता आली, हे तुकडे तीन महिन्यांनी खत चाळताना चाळणीत सापडले, आणि बारीक होते ते चाळणीतून खाली खतातच गेले. दात असते तर अधिकच वाईट झालं असतं. मी ओळ बदलली:

पिशवी मी खात नाही
कुजण्याची बात नाही

मुलं थोडी हिरमुसली, कारण बोळक्या तोंडाचा अभिनय गेला. पण त्या मुलाला त्याचं उत्तर मिळालं होतं.

चाळणीत आणखी एक गोष्ट सापडली, ती घरी दूध तापवणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी. पिशवीचे कापलेले कोपरे. आपण कात्रीने कोपरा कापतो, तो ओट्यावर पडतो, ओट्यावरून सालींबरोबर हिरव्या डब्यात जातो. पिशवी भंगारात जाते, पण तो कोपरा एवढा लहान असतो की तो वेचायला कोणी थांबत नाही. वर्गात आम्ही कापायची पद्धत शिकवली. कोपऱ्याला चीर द्यायची, पण तो पिशवीला लोंबता राहू द्यायचा. रिकामी पिशवी थोड्या पाण्याने विसळून उलटी टांगायची. न विसळलेल्या पिशवीतलं दूध निळ्या डब्यात नासतं, आणि शेजारचा चांगला कागदही ओला आणि घाण होऊन जातो. निळ्या डब्यातलं खाणं कोरडं हवं ते यासाठी.

कागदाचा गुंता भडंगामुळे झाला. सांगलीच्या मुलांना भडंग काय असतं ते सांगावं लागत नाही. मधल्या सुट्टीत पुड्या सुटतात आणि तेलाने पारदर्शक झालेला कागद हातात राहतो. कागद आहे म्हणून निळ्यात टाकायचा? पण तेल कागदाच्या तंतूंमध्ये मुरतं, आणि जुन्या कागदाचा लगदा करताना ते पाण्याने सुटत नाही, नव्या कागदावर डाग उतरतात. म्हणून तेलकट झालेला साधा कागद फाडून हिरव्यात. मात्र तो खरंच साधा आहे का, हे आधी बघायचं. मुलांना मी कागद हळू फाडायला शिकवते. फाटलेल्या कडेला कापसासारखे तंतू दिसले तर तो नुसता कागद. कडेला पातळ पापुद्रा ताणला जाऊन लोंबला तर आत प्लास्टिकचा थर आहे, तो हिरव्याला नको.

तिसऱ्या दुरुस्तीबद्दल बोलताना मला अजून धस्स होतं. शेवटचं कडवं आधी 'सेल, सुई, जुनी गोळी' असं होतं. घड्याळातले सेल, मुदत संपलेली औषधं, टोचलेल्या सुया, यांना 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं काढलं, म्हणून मीही त्यांना गाण्यात वेगळी झोळी दिली, आणि वर्गात खिळ्याला एक कापडी झोळी खरंच अडकवली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीची इन्सुलिनची सुई कागदात गुंडाळून घेऊन आली. आनंदाने, शाबासकीसाठी. सुईचं टोक कागदातून बाहेर आलेलं होतं. तिला टोचली नाही, एवढंच नशीब.

मूल गाणं म्हणतं आणि नंतर गाण्यासारखं वागतं, हे मी त्या दिवशी शिकले. सुई गाण्यातून काढली. ती मोठ्यांनीच हाताळायची वस्तू आहे. घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली ठेवा, वापरलेली सुई थेट तिच्यात टाका, बाटलीवर 'सुया' असं लिहा, आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. भरली की सफाई कर्मचाऱ्यांना सांगून वेगळी हातात द्या. औषधांच्या गोळ्याही मुलांनी उचलू नयेत, म्हणून आता झोळी वर्गात नाही, घरी उंचावर टांगायची असते आणि तिच्यात टाकायचं काम आईबाबांचं. मुलाने फक्त ओरडून सांगायचं, "हे झोळीतलं आहे!"

आता पूर्ण गाणं म्हणते. जवळ मुलं असतील तर त्यांना टाळ्या धरू द्या.

मी हिरवा डबा आहे
तुमची मी वाट पाहे

कुजतं जे ते मी खातो
मातीला मी देत जातो

केळ्याची मी साल खातो
ढेकर मी देत गातो

चहाचा तो चोथा द्यावा
शिळा भात संगे यावा

कोरडी ही कांदासाल
माझ्यासाठी तोच माल

पिशवी मी खात नाही
कुजण्याची बात नाही

शेजारी तो निळा भाऊ
कोरडाच त्याला खाऊ

बाटली नि पुठ्ठा-खोका
ओलं त्याला देऊ नका

दुधाची ती रिती थैली
धुऊन द्या, नको मैली

जुना सेल, जुनी गोळी
वेगळीच त्यांची झोळी

एक कडवं अजून जमलेलं नाही, चहाच्या कागदी कपाचं. बाहेरून कागद, आतून चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर. हिरव्याला तो पचत नाही, आणि निळ्यात टाकला तरी ते दोन थर सुटे करणं सोपं नसतं. रिकामा करून आम्ही तो निळ्यातच टाकतो, पण डब्याच्या तोंडी काय घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही. परवा वर्गातली एक मुलगी कपाची कड हळूहळू फाडत बसली होती. पापुद्रा लोंबला तसा तिने तो मला आणून दाखवला आणि विचारलं, "बाई, ह्याला आठ अक्षरं पुरतील का?"

नमस्कार.