तीन ओळींत तिघांची ओळख

(यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात स्टार्टअप स्पर्धेच्या पूर्वतयारीसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो, स्पर्धेच्या फॉर्ममध्ये 'संघाची ओळख' नावाचा एक लहानसा चौकोन असतो आणि बहुतेक संघ तो अगदी शेवटच्या रात्री भरतात. आज मी त्या एका चौकोनाविषयीच बोलणार आहे. त्यासाठी मागच्या हंगामात माझ्याकडे मसुदा घेऊन आलेल्या तिघांचे उदाहरण घेतो. त्यांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही, म्हणून पहिली, दुसरा आणि तिसरी एवढेच म्हणेन.

त्यांचे यंत्र होते कापसाचा ओलावा मोजण्याचे. आपल्याकडे हमीभावाने खरेदी करताना भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपण ज्याला सीसीआय म्हणतो ते, ८ टक्के ओलावा प्रमाण धरते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२ च्या वर कापूस घेतला जात नाही. दव पडलेल्या सकाळी वेचलेला कापूस न वाळवता गाडीत भरला, तर त्यात पाणी किती आहे हे शेतकऱ्याला केंद्रावर गेल्यावरच कळते आणि तोवर गाडीभाडे अंगावर पडलेले असते. म्हणून गाडी भरण्याआधी घरच्या ओट्यावरच ओलावा मोजता यावा, ही त्यांची कल्पना.

त्यांचा पहिला मसुदा असा होता : 'आम्ही तीन उत्साही, मेहनती आणि तंत्रज्ञानाची आवड असणारे विद्यार्थी आहोत. आमच्यात नेतृत्वगुण, संघभावना आणि नवनिर्मितीची जिद्द आहे.' त्याखाली तीन नावे आणि नावांपुढे सीईओ, सीटीओ व मार्केटिंग हेड ही पदे. मी त्यांना एवढेच विचारले, की हा मजकूर शेजारच्या टेबलावरच्या, शेळीपालनाचे ॲप करणाऱ्या संघाच्या फॉर्मवर चिकटवला तर कोणाच्या लक्षात येईल का? तिघेही हसले. त्या मजकुरात कापूस कोठेच नव्हता, आणि तिघे एकत्र का आले याचे कारणही नव्हते.

मग मी त्यांना मसुदा बाजूला ठेवून यंत्र कसे घडले ते सांगायला लावले. पहिली इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. कापसात ओलावा वाढला की त्यातून वीज अधिक सहज वाहते, या तत्त्वावर तिने दोन सळयांचे सर्किट बनवले होते. पण एकाच ढिगातला कापूस घेतला तरी आकडा कधी ९ येई, कधी ११. दोष सर्किटात आहे असे समजून तिने तीन आठवडे जोडण्या बदलून पाहिल्या. दुसऱ्याच्या घरी खेडा खरेदीचा, म्हणजे गावातच शेतकऱ्यांकडून कापूस विकत घेण्याचा व्यवसाय. लहानपणापासून मुठीत कापूस दाबून ओल ओळखणारी माणसे त्याने पाहिलेली. तो तिला म्हणाला, "मूठ घट्ट आवळून पाय बरं, आता ढिली सोड." घट्ट दाबल्यावर आकडा चढला, सोडल्यावर उतरला. तंतू एकमेकांना जितके जास्त चिकटतात तितका विजेला मार्ग मिळतो. म्हणजे सर्किट ओलाव्याबरोबर दाबही मोजत होते. त्यावर त्यांनी एक डबा केला, ज्यात दर वेळी तेवढाच कापूस भरायचा आणि वर ठरलेल्या वजनाचे झाकण ठेवायचे. आकड्यांची उडी थांबली.

माझ्या मते संपूर्ण ओळखीचा प्राण या एका प्रसंगात आहे. दोन माणसांची कौशल्ये एकमेकांना पूरक आहेत हे 'पूरक' असा शब्द लिहून कळत नाही. एकाचे काम जेथे अडले तेथे दुसऱ्याच्या माहितीने ते पुढे कसे सरकले, ही जागा दाखवली की परीक्षकाला ते आपोआप दिसते.

आता दुसऱ्याने खेडा खरेदीचा उल्लेख मसुद्यात का केला नव्हता? मी खोदून विचारले तेव्हा तो संकोचला. गावात खेडा खरेदीवाल्याकडे काट्यात मारणारा माणूस म्हणून पाहतात, आणि स्पर्धेच्या फॉर्ममध्ये ते बरे दिसणार नाही, असे त्याला वाटत होते. म्हणून त्याने स्वतःला मार्केटिंग हेड केले. आपल्या भागातल्या मुलांच्या फॉर्ममध्ये ही गोष्ट मी वारंवार पाहतो. सर्वांत दुर्मीळ ज्ञान घरातून आलेले असते आणि तेच झाकले जाते. पुण्याच्या संघाकडे सर्किट बनवणारे दहा जण असतील. कापूस मुठीत धरून ओल सांगणाऱ्या घरातला मुलगा बहुधा नसेल.

तिसरीबद्दल थोडक्यात सांगतो. ती वाणिज्य शाखेची. तिने सुट्या भागांचा खर्च मांडला आणि दाखवून दिले, की वेचणीच्या दोन-तीन महिन्यांपुरते लागणारे यंत्र एकटा लहान शेतकरी विकत घेणार नाही. ते गावातल्या बचत गटाकडे ठेवून भाड्याने द्यावे लागेल. (ती दुसऱ्या महाविद्यालयाची होती. बाहेरचा सदस्य चालतो की नाही, हे नियमपत्रकात आधी पाहून घ्या.)

एक गोष्ट मात्र तिघांनाही येत नव्हती, ती म्हणजे यंत्राचा आकडा खरा आहे हे सिद्ध करणे. त्यासाठी कापसाचा नमुना तोलून १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. १०० ग्रॅमचे ९१ ग्रॅम उरले तर ओलावा ९ टक्के. आत सरकी असल्याने ती वाळायला वेळ लागतो, म्हणून लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत थांबावे लागते. हे काम ते प्रयोगशाळेतल्या सहायकांकडून शिकत होते. ही उणीव लपवावी असा त्यांचा विचार होता. मी ती लिहायला सांगितली, कारण ओलावामापकाविषयी जाणकार परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार.

शेवटी चौकोनात गेलेला मजकूर असा :

'कापूस गाडीत भरण्याआधी त्याचा ओलावा घरीच मोजता यावा, यासाठी आम्ही मापक बनवले आहे. पहिलीने (इलेक्ट्रॉनिक्स) सर्किट केले. दुसरा खेडा खरेदीच्या घरातला. दाबानुसार आकडा बदलतो हे त्याने ओळखले, म्हणून मापक वजनी झाकणाच्या डब्यात बसवले. एकट्या शेतकऱ्याला ते परवडत नाही, हे तिसरीच्या (वाणिज्य) हिशेबातून दिसले, म्हणून ते बचत गटाला भाड्याने देणार आहोत. आकडे ओव्हनच्या मापाशी जुळवणे आम्ही सध्या शिकत आहोत.'

यात 'उत्साही' नाही, पदे नाहीत, आणि 'म्हणून' हा शब्द दोनदा आला आहे. तुमचा मजकूर तपासताना एकेका सदस्याचे वाक्य बोटाने झाका. दुसऱ्याचे वाक्य झाकले तर डबा कोठून आला हे कळत नाही. तिसरीचे झाकले तर बचत गट अधांतरी राहतो. झाकूनही उरलेला मजकूर जसाच्या तसा उभा राहत असेल, तर एक तर ते वाक्य चुकले आहे किंवा त्या सदस्याने अजून काम केलेले नाही. दुसरी शक्यता अवघड असते, पण ती फॉर्म भरण्याआधी आपसांत बोललेली बरी.

या संघाच्या पुढच्या फेरीत परीक्षकांनी पहिलीला विचारले, की झाकणाचे वजन कसे ठरवले. ती म्हणाली, वजन वाढवत गेलो आणि ज्यापुढे आकडा फारसा हलेना तेथे थांबलो. मग त्यांनी तोच प्रश्न तिसरीकडे वळवला आणि तिनेही तेच उत्तर दिले, फक्त त्यात झाकणाला लागलेल्या लोखंडाची किंमत जास्तीची सांगितली.