पाहुणे स्पॅनिशमध्ये बोलणार आहेत, मंडळी!

नमस्कार श्रोतेहो.

गावोगावी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करणाऱ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. पाहुण्यांची ओळख करून देणं तुमच्या अंगवळणी पडलेलं असतं. नाव, शिक्षण, पुरस्कार, एखादी कवितेची ओळ, की झाली ओळख. पण पाहुण्यांची भाषा समोरच्यांना येत नसेल, तर त्याच पाच मिनिटांत तुम्हाला आणखी एक काम करावं लागतं. भाषांतराची सोय काय आहे आणि ती कशी वापरायची, हे सांगण्याचं. हे काम बहुधा ओळखीच्या शेपटाला जोडलं जातं. "हां, आणि एक सूचना, ज्यांना हेडफोन मिळाले नसतील त्यांनी..." तोवर टाळ्या वाजून पाहुणे माइकपाशी आलेले असतात. पहिली दहा मिनिटं लोक बटणं चाचपत बसतात आणि भाषणाचा गाभा हुकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिक जिल्ह्यात द्राक्ष बागायतदारांचा मेळावा आहे. मंडपात तीनशे शेतकरी बसलेत. पाहुणे चिलीहून आलेले द्राक्षतज्ज्ञ, भाषा स्पॅनिश.

पहिला प्रश्न असा, की भाषांतर कसं करायचं? दोन रीती आहेत. एकीत पाहुणे दोन-तीन वाक्यं बोलून थांबतात, शेजारी उभा असलेला दुभाषा ती मराठीत सांगतो, मग पाहुणे पुढे बोलतात. याला यंत्र लागत नाही, पण वेळ दुप्पट जातो. चाळीस मिनिटांचं भाषण सव्वा तासावर जातं, हे संयोजकांनी आधीच धरून चालावं. दुसऱ्या रीतीत दुभाषे काचेच्या खोलीत बसतात आणि पाहुणे बोलत असतानाच मराठी आवाज लोकांच्या कानात जातो. वेळ वाचतो, पण तीनशे हेडफोन लागतात. शिवाय दुभाषे दोन तरी हवेत, कारण या कामात डोकं इतकं शिणतं की साधारण अर्ध्या तासाने आवाज बदलावा लागतो. हेही लोकांना सांगून ठेवा. नाहीतर मध्येच बाईंचा आवाज जाऊन पुरुषाचा आला, की अर्धा मंडप यंत्र बिघडलं म्हणून ते ठोकत बसतो.

भाड्याने यंत्रं आणताना एक गोष्ट विचारा. काही हेडफोन अवरक्त किरणांवर चालतात. बंद सभागृहात ते उत्तम. उघड्या मंडपात थेट ऊन आलं की ते खरखरतात, आणि मध्ये खांब किंवा माणूस आला तरी आवाज तुटतो. मंडपाला रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रंच बरी.

आता आपला मेळावा. यंत्रं मांडली आहेत, एक नंबरवर स्पॅनिश, दोन नंबरवर मराठी. निवेदक उठतो. त्याने सगळ्यात आधी काय करावं? पाहुण्यांच्या कानात हेडफोन आहे का ते बघावं. हे फार जण विसरतात. आपण इथे त्यांचं मराठीत कौतुक करत असतो आणि ते बिचारे स्वतःचं नाव ऐकू आलं की मान डोलावतात. ओळख त्यांनाही कळली पाहिजे, म्हणून दुभाषे निवेदनापासूनच काम सुरू करतात, तुमचं मराठी त्यांच्या कानात स्पॅनिशमध्ये पोचवतात. तेव्हा निवेदकानेही जरा सावकाश बोलावं आणि शक्यतो संस्कृत श्लोक आयत्या वेळी काढू नये. काढायचाच असेल तर आदल्या दिवशी लिहून द्यावा.

मग सोयीची घोषणा, पाहुण्यांच्या कर्तृत्वाच्या आधी. मी ती अशी करेन.

"मंडळी, आजचे पाहुणे स्पॅनिशमध्ये बोलणार आहेत. तुमच्या खुर्चीवर एक छोटं यंत्र ठेवलंय, ते हातात घ्या. वरचं चाक फिरवलं की ते सुरू होईल. आता पडद्यावर दोन आकडा आणा. दोन म्हणजे मराठी. हेडफोन कानाला लावा. आता मी गप्प बसतो. तुमच्या कानात ताई बोलतील. त्या सांगतील तसं करा."

एवढं बोलून निवेदकाने खरंच गप्प बसायचं. मग खोलीतल्या ताई दोन नंबरवर, फक्त हेडफोनमध्ये बोलतात, "नमस्कार. माझा आवाज येत असेल तर उजवा हात वर करा." ज्यांचे हात वर गेले त्यांची यंत्रं नीट आहेत. जे इकडेतिकडे बघतायत त्यांच्याकडे स्वयंसेवक धावतात. कुणी एक नंबरवर असतो, कुणाचा सेल उतरलेला असतो, कुणी आवाज शून्यावर ठेवलेला असतो. दोन मिनिटांत सगळं जागेवर येतं. याउलट, निवेदक स्वतःच कर्ण्यावरून विचारतो, "आवाज येतोय का सगळ्यांना?" आणि सगळे म्हणतात, "येतोय!" येणारच. कर्ण्याचा आवाज तर रस्त्यापलीकडेही येतोय. हेडफोनची चाचणी हेडफोनमधूनच व्हायला हवी. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी आजचं माझं बोलणं फुकट गेलं नाही असं मी म्हणेन.

चाचणीनंतर दोन वाक्यं 'मी'बद्दल. दुभाषा "पाहुणे म्हणतात की" असं दर वेळी सांगत नाही. पाहुणे "मी" म्हणाले की तोही "मी"च म्हणतो. हे ठाऊक नसेल तर ताई कानात "माझी चिलीत बाग आहे" म्हणाल्या की शेतकरी चकित होतो. त्यात आपल्या मराठीची आणखी गंमत. स्पॅनिशमध्ये "मी गेलो" आणि "मी गेले" याला क्रियापद एकच. मराठीत निवड करावीच लागते. पाहुणे पुरुष आणि दुभाषी बाई, मग "मी बागेत गेलो" म्हणायचं की "गेले"? माझं मत विचाराल तर पाहुण्यांप्रमाणे "गेलो" म्हणावं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर पाहुणाच राहतो. काही दुभाषी बायकांना ते अवघड जातं, मग "गेले" चालेल. फक्त जे ठरलं असेल ते निवेदकाने आधी सांगून टाकावं. "ताई 'मी' म्हणतील तेव्हा ते पाहुण्यांचं 'मी' समजा," एवढं पुरतं.

यानंतर पाहुण्यांची ओळख. इथे निवेदकाने पुरस्कारांची यादी थोडी आवरून शेतकऱ्याच्या उपयोगाच्या दोन गोष्टी घालाव्यात, कारण त्या दुभाष्याला भाषणाच्या ओघात घालता येत नाहीत. चिली दक्षिण गोलार्धात आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो. आपले पाहुणे "उन्हाळ्यात तोडणी सुरू होते" म्हणाले, तर आपला शेतकरी मे महिना समजणार आणि गोंधळणार, कारण आपली तोडणीही साधारण जानेवारीपासूनच सुरू होते. महिने जवळपास तेच, ऋतू मात्र उलटा. दुसरं म्हणजे छाटणी. आपण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी अशा दोन छाटण्या घेतो. तिथे थंडीत वेली सुप्त असतात आणि मुख्य छाटणी एकदाच, त्यांच्या हिवाळ्यात होते. पाहुणे नुसतं "छाटणी" म्हणाले की दुभाष्याने कुठली म्हणायची? निवेदकाने ओळखीतच हा फरक सांगितला, तर दुभाषा आणि शेतकरी दोघंही सुटतात.

तिसरी गोष्ट आकड्यांची. पाहुणे हेक्टरात बोलणार, आपण एकरात. समजा ते म्हणाले, "हेक्टरी पंचवीस टन." हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, म्हणजे एकरी दहा टन. हा हिशोब दुभाष्याने कानात करू नये. बोलता बोलता भागाकार करताना पुढचं वाक्य निसटतं, आणि भागाकार चुकला तर तो आकडा बागेपर्यंत जातो. दुभाष्याने जो आकडा ऐकला तोच सांगावा. बाजूला फळ्यावर एक कार्यकर्ता उभा करा, तो एकरी आकडा लिहील. आणि घोषणेत सांगा, "आकडे हेक्टरी येतील, एकरी हिशोब फळ्यावर बघा."

हे सगळं सुरळीत व्हायचं तर दुभाष्याला आठवडाभर आधी शब्दांची यादी द्यावी लागते. खरड छाटणी, घड, केवडा आणि भुरी हे रोग, वेली चढवायची मांडव पद्धत, वाय पद्धत. स्पॅनिश शिकलेला माणूस पुण्या-मुंबईत मिळतो, पण त्याला भुरी माहीत असेलच असं नाही. संसदेतही अशी पूर्वतयारी लागते. राज्यसभेत २०१८ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत बोलायची सोय झाली, पण कमी वापरातल्या भाषांत बोलायचं असेल तर सदस्याने आधी कळवायचं, म्हणजे दुभाष्याची व्यवस्था करता येते.

पाहुण्यांनाही सावकाश बोलण्याची एक सूचना द्यावी लागते, नम्रपणे आणि भाषणाआधी, एकांतात. चिलीचे लोक भराभर बोलतात आणि शब्दांच्या शेवटचे 'स' गिळतात अशी त्यांची ख्याती आहे. १९४५ मध्ये नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चालायचं. तिथे बोलणाऱ्यासमोर दिवे होते. पिवळा लागला की सावकाश बोला, लाल लागला की थांबा. आपल्याकडे दिवे नसतात, पण पहिल्या रांगेत एकाच्या हातात पिवळा कागद द्यायला काय हरकत आहे? पाहुण्यांना तो दाखवून ठेवा, मग त्यांना तो अपमान वाटत नाही.

विनोदाचंही बघा. स्पॅनिश कळणारे एक-दोघं आधी हसतील, मंडप काही सेकंदांनी हसेल. पाहुण्यांना सांगून ठेवलं नसेल तर त्यांना वाटतं विनोद पडला, आणि ते घाईने पुढे जातात. मग खरं हसू त्यांच्या पुढच्या, गंभीर वाक्यावर येतं.

शेवटी प्रश्नोत्तरं. शेतकरी मराठीत विचारणार आणि उत्तर स्पॅनिशमध्ये येणार. म्हणून निवेदकाने प्रश्नांच्या आधी पुन्हा दोन वाक्यं बोलावीत. "प्रश्न माइकवरच विचारा, जागेवरून ओरडलात तर खोलीतल्या दुभाष्यांना ऐकू येणार नाही. विचारून झाल्यावर हेडफोन काढू नका, उत्तर त्यातूनच येणार आहे." एका वेळी एकच प्रश्न. आपल्याकडे प्रश्नाआधी स्वतःच्या बागेचा इतिहास सांगायची पद्धत आहे, तीही जरा आवरायला सांगा. पाहुण्यांचा हेडफोन या वेळी एक नंबरवर आहे ना, हे पुन्हा बघा. भाषणाच्या वेळी ते तो काढून टेबलावर ठेवतात.

आणि यंत्रं परत करायची सूचना आभारांच्या आधी द्या, नंतर नाही. आभार सुरू झाले की लोक पंगतीकडे निघतात, आणि हेडफोन शर्टाच्या खिशातून घरी जातात. दाराशी दोन टोपल्या ठेवा आणि तिथे उभे राहणारे कार्यकर्ते आधीच नेमा.