मंगळवारचं दही, सोमवारची रात्र

नमस्कार, श्रोते हो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं डेअरीचं दुकान आहे. बसस्टँडवरून बाजारओळीकडे वळलं की कोपऱ्यावरच. सुटं दूध, दही, मठ्ठा आणि थोडा खवा, एवढाच माल. गावचा बाजार मंगळवारी भरतो. त्या दिवशी आजूबाजूच्या बारा-पंधरा खेड्यांतली माणसं येतात. मजुरांचा आठवड्याचा चुकारा पुष्कळदा बाजारच्याच दिवशी होतो, त्यामुळे हाती पैसा असतो. माझ्यासारखे छोटे डेअरीवाले आणि दुधाचा धंदा करू पाहणारे गावोगावचे तरुण हा कार्यक्रम ऐकत असतील. त्यांना आज एकाच गोष्टीबद्दल सांगणार आहे. उद्या दही किती लागेल, हे आज रात्री कसं ठरवायचं?

किराण्यात साखर उरली तर उद्या विकता येते. दह्याचं तसं नाही. सकाळी गोड असलेलं दही दुसऱ्या दिवशी आंबट होतं आणि गिऱ्हाईक चव पाहून गंज परत सरकवतं. शिवाय ते ऐन वेळी वाढवताही येत नाही. मंगळवारी अकराला दही संपलं तर बाराला नवीन लागत नाही. मंगळवारचं दही सोमवारी रात्रीच लावावं लागतं. दूध तापवायचं, बोटाला सोसवेल इतकं कोमट होऊ द्यायचं, विरजण घालायचं आणि गंज न हलवता ठेवून द्यायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात चार-पाच तासांत दही घट्ट होतं आणि लगेच आंबायला लागतं, म्हणून तेव्हा मी अकरा वाजल्यानंतरच विरजण घालतो. डिसेंबरात आठलाच घालून गंजाभोवती पोतं गुंडाळावं लागतं. पण ऋतू कोणताही असो, किती लिटरला विरजण घालायचं हा आकडा आदल्या रात्रीच ठरलेला लागतो.

सुरुवातीला मी हा आकडा कालच्या विक्रीवरून ठरवायचो. बहुतेक दुकानदार तेच करतात. मंगळवारी 20 किलो दही लावलं होतं, ते साडेअकरालाच खलास झालं. गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत गेलं याचं वाईट वाटलं, म्हणून त्या रात्री 35 किलो लावलं. बुधवारी बाजारओळ सामसूम. दही 14 किलो खपलं आणि 21 किलो उरलं. मग घाबरून त्या रात्री 14 च लावलं, तर गुरुवारी उपासवाल्यांना दुपारी पुरलं नाही. असं तीन महिने चाललं. मी रोज एक दिवस उशिरा धावत होतो. मंगळवारची चूक बुधवारी दुरुस्त करत होतो, पण बुधवारला मंगळवारशी काही देणंघेणंच नव्हतं.

शेवटी बायको म्हणाली, "काल किती गेलं ते कायले पाहता? मागच्या मंगळवारी किती गेलं ते पाहा ना!"

त्या दिवशी तिनं वहीची सात पानं केली. प्रत्येक वाराला एक पान. मंगळवारच्या पानावर फक्त मंगळवार, एकाखाली एक. महिन्याभरात वारांचे चेहरे दिसायला लागले. बाजाराचा मंगळवार सगळ्यात मोठा. बुधवार सगळ्यात लहान, कारण घरोघरी कालचं दही शिल्लक असतं. गुरुवारी आणि शनिवारी उपासामुळे थोडी उचल. रविवारी पुष्कळ घरी मटणाचा बेत, त्यामुळे दही खाली, पण पाहुण्यांच्या चहामुळे दूध वर. तुमच्या गावचे चेहरे वेगळे असतील. ते तुमच्याच वहीतून निघतील, माझ्या सांगण्यातून नाही.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. वहीत नुसती विक्री लिहिली तर वही खोटं बोलते. समजा मंगळवारी 28 किलो लावलं आणि 28 किलो गेलं. पुढच्या मंगळवारी आपण वही उघडतो आणि म्हणतो, मंगळवारी 28 लागतं. पण ते 28 तर दुपारी बारालाच संपलं होतं! बारानंतर जे लोक आले आणि "दही हाय का भाऊ?" विचारून पुढे गेले, ते वहीत कुठेच नाहीत. पुन्हा 28 लावलं की पुन्हा 28 च विकलं जाणार. वही म्हणेल, बरोबर आहे. असं वर्षभर चालू शकतं आणि दुकानदाराला पत्ताही लागत नाही.

म्हणून विक्रीच्या शेजारी दोनच गोष्टी लिहायच्या. उरलं असेल तर किती उरलं, आणि संपलं असेल तर किती वाजता संपलं. ही वेळ कशी कामी येते, ते सांगतो. ज्या मंगळवारी दही संध्याकाळपर्यंत पुरलं, त्या दिवशी बारा वाजता किती गेलं होतं ते मी चार वेळा मोजलं. दर वेळी साधारण दोन तृतीयांश गेलेलं होतं. म्हणजे बारापर्यंत दोन वाटे, बारानंतर एक वाटा. मग ज्या मंगळवारी 28 किलो बाराला संपलं, त्या दिवशी हे 28 म्हणजे दोन वाटे झाले. एक वाटा 14 किलोचा. खरी मागणी 42 च्या आसपास होती. मी वहीत 28 वर रेघ मारली आणि शेजारी 42 लिहिलं. हा अंदाजच आहे. पण 28 हा आकडा तर चुकीचाच होता.

अशी दुरुस्ती करून माझ्या हाती आठ मंगळवार आले. चढत्या क्रमानं लावले तर असे: 34, 36, 38, 39, 41, 42, 45, 48. आता किती दही लावायचं? मनात येतं, 48 लावावं, कोणी परत जायला नको. पण हिशोब वेगळं सांगतो. माझ्याकडे किलोभर दही दूध, गॅस धरून 54 रुपयांना पडतं आणि 80 ला जातं. विकलं तर 26 रुपये सुटतात. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा मठ्ठा करतो, त्यातून हाती 30 रुपये येतात, म्हणजे 24 रुपयांचं नुकसान.

एकेक किलो वाढवून पाहू. एकेचाळिसावा किलो आठातल्या किती मंगळवारी खपला असता? चार. त्या चारांचे मिळून 104 रुपये आले असते आणि उरलेल्या चार मंगळवारी 96 गेले असते. थोडा का होईना, फायदा आहे. बेचाळिसावा किलो तीनच मंगळवारी खपला असता. 78 आले असते, 120 गेले असते. तिथे थांबायचं. म्हणून 41.

उन्हाळ्यात हेच आठ आकडे असते, तरी उत्तर बदलतं. मे महिन्यात उरलेलं दही इतकं आंबट होतं की मठ्ठा धड होत नाही, हाती जेमतेम 14 रुपये येतात आणि नुकसान किलोला 40 वर जातं. मग एकेचाळिसाव्या किलोला 104 येऊन 160 जातात. एकोणचाळिसावा तेवढा पाच मंगळवारी खपतो, 130 येतात आणि 120 जातात. तेव्हा 39 वर थांबायचं. दोन-चार गिऱ्हाईकं परत जातील. मला ते आवडत नाही, पण त्यांच्यासाठी दर आठवड्याला दही नालीत ओतणंही परवडत नाही. दुधाचं बरं असतं. उरलेल्या दुधाचा त्याच संध्याकाळी खवा आटवता येतो आणि नुकसान थोडं होतं, म्हणून दूध मी मधल्या आकड्यापेक्षा जरा जास्तच ठेवतो. मात्र चमचाभर उकळून पाहिल्याशिवाय दुपारचं दूध सकाळच्यात मिसळू नका. चमच्यातलं फाटलं तर तेवढंच जातं, कॅन वाचतो.

41 किलो दही मी एका मोठ्या भांड्यात लावत नाही. पाच-पाच किलोचे आठ गंज आणि एक छोटा डबा. दही एकदा मोडलं की पाणी सुटतं आणि ते लवकर आंबतं. न मोडलेला गंज फ्रिजमध्ये राहिला तर बुधवारी सकाळी कढीसाठी तरी कोणी नेतं. एक गंज संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे दुकानातल्या पोराला मी पुन्हा पुन्हा सांगतो.

अडचण दूध घालणाऱ्यांची असते. म्हशीला सांगता येत नाही की बाई, बुधवारी कमी दे. माझ्याकडे दूध घालणारे नऊ शेतकरी आहेत. त्यांच्याशी मी वार ठरवून घेतले. सोमवारी संध्याकाळचं सगळं दूध माझ्याकडे, मंगळवारी संध्याकाळचं बरंचसं संकलन केंद्रावर. केंद्राचा भाव माझ्यापेक्षा कमी बसतो, म्हणून फरकातला थोडा भाग मी सोमवारच्या भावात भरून देतो. आधी ऐन संध्याकाळी "आज नको" म्हणायचो, तेव्हा दोघांनी दूध तोडलं होतं. वार ठरल्यापासून कोणी तोडलं नाही.

वाराच्या पानावर न बसणारे दिवसही असतात. एकादशी आणि चतुर्थी तिथीनं येतात, वारानं नाही. अंगारकी तर मंगळवारीच येते, बाजार आणि उपास एकत्र. असे दिवस मी लाल पेनानं लिहितो आणि साध्या मंगळवारांच्या हिशोबात धरत नाही. पावसानं बाजार मोडला तर तोही लाल. होळीनंतर ऊन तापायला लागलं की दह्याची मागणी चढते, तेव्हा जानेवारीचे मंगळवार काही सांगत नाहीत. त्या वेळी मी शेवटचे तीनच मंगळवार पाहतो आणि वरून एक गंज वाढवतो.

आणि महालक्ष्म्या. आंबिलीला आणि कढीला त्या दिवशी घराघरात ताक-दही लागतं, पण वर्षातून एकदाच, त्यामुळे वहीचा उपयोग नाही. तिथे मी आठ दिवस आधी मागणी लिहून घेतो, किलोमागे 20 रुपये अनामत घेतो. जेवढी नावं, तेवढं दही, आणि वर दोन गंज. मागच्या वर्षी ते दोन्ही गंज सकाळी नऊच्या आत गेले. यंदा तीन लावणार आहे.